बाळाचं लसीकरण कार्ड ओळीओळीनं कसं वाचायचं

चौदा वर्षं आरोग्यसेविका म्हणून काम करताना मी हजारो कार्डं हातात घेतली आहेत. आई कार्ड पुढे करते आणि विचारते, "सिस्टर, सगळे डोस झालेत ना?" त्याचं उत्तर त्या कार्डावरच लिहिलेलं असतं, फक्त ते कुठे पाहायचं हे तिला कुणी दाखवलेलं नसतं. पहिल्यांदाच आईबाबा झालेल्यांनी, किंवा नातवंडाला डोसला घेऊन जाणाऱ्या आजी-आजोबांनी, कार्ड स्वतः वाचून पुढची तारीख स्वतः काढावी, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

सरकारी दवाखान्यात मिळणारं कार्ड म्हणजे माता व बाल संरक्षण कार्ड. त्यात आईच्या गरोदरपणाच्या नोंदी असतात, बाळाच्या वजनाचा आलेख असतो आणि एका पानावर लसीकरणाचा तक्ता असतो. आपल्याला तो तक्ता वाचायचा आहे. छपाई राज्याराज्यांत आणि वर्षावर्षांत थोडी वेगळी दिसते, पण तक्ता सगळीकडे एकाच पद्धतीनं चालतो. वय छापलेलं असतं, त्याच्याखाली किंवा शेजारी लशीची चौकट असते आणि लस दिली की त्या चौकटीत दिल्याची तारीख लिहितात.

आधी जन्मतारीख, मग वयाचे टप्पे

पहिल्यांदा बाळाची जन्मतारीख शोधा आणि ती जन्मदाखल्याशी ताडून पाहा. ती चुकली असेल तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. तारखेचा क्रम दिवस, महिना, वर्ष असा असतो.

आकड्यांचा एक घोळ मी वारंवार पाहते. कुणी देवनागरीत लिहितं, कुणी इंग्रजी आकड्यांत, आणि कधी एकाच कार्डावर दोन्ही असतात. घाईत लिहिलेला देवनागरी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा. तारीख शंकास्पद वाटली तर तिच्या आधीची आणि नंतरची तारीख बघा. सप्टेंबर आणि नोव्हेंबरच्या मधली भेट जानेवारीत झालेली असू शकत नाही.

वयाचे टप्पे आठवड्यांत छापलेले असतात. आपण घरात दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने म्हणतो, ते टप्पे कार्डावर ६, १० आणि १४ आठवडे असे येतात. मोजताना कार्डावरचे आठवडेच धरा. ६ आठवडे म्हणजे जन्मापासून ४२ दिवस, १० आठवडे म्हणजे ७० आणि १४ आठवडे म्हणजे ९८. त्यापुढचे टप्पे ९ महिने, १६ ते २४ महिने आणि ५ ते ६ वर्षं.

९ महिन्यांच्या टप्प्यावर आपली भाषाच घोटाळा करते. "नववा लागला" म्हणजे आठ महिने पूर्ण झाले. कार्डावरच्या ९ महिन्यांचा अर्थ मात्र नऊ पूर्ण झाले असा आहे. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावरच देतात, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती तोवर बाळाच्या अंगात उरलेली असू शकते आणि ती लशीला नीट काम करू देत नाही. नववा लागला म्हणून आलेल्या आईला परत पाठवताना मला वाईट वाटतं. ती उन्हातान्हात चालत आलेली असते आणि बोलीभाषेप्रमाणे तिची काहीच चूक नसते.

चौकटीतली नावं

जन्माच्या टप्प्यावर तीन नावं असतात. बीसीजी ही क्षयरोगाची लस डाव्या दंडावर टोचतात. शून्य पोलिओ म्हणजे दोन थेंब तोंडावाटे. हिपॅटायटिस बी ही ब प्रकारच्या काविळीची लस मांडीत देतात.

यातल्या दोन चौकटी एकदा रिकाम्या राहिल्या की रिकाम्याच राहतात. काविळीचा हा डोस जन्मानंतर २४ तासांत द्यायचा असतो आणि शून्य पोलिओ पहिल्या १५ दिवसांत. ती वेळ टळली तर त्या चौकटी नंतर भरत नाहीत. पण घाबरू नका. पुढे दीड महिन्यापासून मिळणाऱ्या पेंटा या लशीत काविळीची लस असतेच आणि पोलिओचे पुढचे डोसही असतात. तीन महिन्यांच्या बाळाची आई शून्य पोलिओच्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवून "हा द्या ना" म्हणते, तेव्हा आम्हाला नाही म्हणावं लागतं.

बीसीजीचं तसं नाही. ती वर्षाच्या आत केव्हाही देता येते, म्हणून तिची चौकट रिकामी दिसली तर पुढच्याच भेटीत मागा. ही लस बऱ्याचदा जन्माच्या दिवशी राहून जाते. एका कुपीत अनेक बाळांचे डोस असतात आणि कुपी उघडल्यावर ती चार तासांत वापरावी लागते, त्यामुळे लहान रुग्णालयं ठराविक दिवशी बाळं एकत्र बोलावतात. घरी गेलेली आई त्या दिवशी परत येत नाही आणि चौकट कोरी राहते. बीसीजी दिल्यावर काही आठवड्यांनी त्या जागी फोड येतो, फुटतो, सुकतो आणि बारीक व्रण राहतो. कार्डावर तारीख नाही पण डाव्या दंडावर तसा व्रण आहे, असं असेल तर तो सिस्टरला दाखवा. याउलट कार्डावर तारीख आहे पण व्रण उठलेला नाही, तर लस पुन्हा घ्यावी लागत नाही.

दीड महिन्यापासून पेंटा येतं. पूर्ण नाव पेंटाव्हॅलेंट, पण दवाखान्यात सगळे पेंटाच म्हणतात. एकाच सुईत पाच आजारांची लस असते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब काविळ आणि हिब, म्हणजे लहान मुलांत न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करणारा एक जंतू. कुणी आजी "आमच्या वेळी ट्रिपल होतं, ते का नाही लिहिलं?" असं विचारतात. ते ट्रिपल, म्हणजे डीपीटी, या पेंटाच्या पोटात आहे. दीड वर्षाला आणि पाच वर्षांना ते पुन्हा स्वतःच्या नावानं, बूस्टर म्हणून येतं.

पोलिओची दोन नावं बघून लोक गोंधळतात. ओपीव्ही म्हणजे तोंडावाटे थेंब. एफआयपीव्ही म्हणजे दंडाच्या कातडीत दिलेलं बारीकसं इंजेक्शन. दोन्ही पोलिओच्याच लशी आहेत, दोन्ही घ्यायच्या असतात आणि दोघांच्या चौकटी वेगळ्या असतात. पल्स पोलिओच्या दिवशी बूथवर पाजलेले थेंब या दोन्हींहून वेगळे. ते जादा असतात, कार्डाच्या चौकटीत त्यांची तारीख जात नाही आणि त्यांच्यामुळे कार्डावरचा कुठलाही डोस भरून निघत नाही. "रविवारी पाजले की" म्हणून ओपीव्ही चुकवलेली मुलं मी दर वर्षी पाहते.

उरली दोन नावं. रोटा, म्हणजे रोटा विषाणूच्या जुलाबाची लस, तोंडावाटे देतात. पीसीव्ही ही न्यूमोकोकल न्यूमोनियाची लस उजव्या मांडीत टोचतात.

पाच, तीन, पाच

पहिल्या साडेतीन महिन्यांची तपासणी मी एका मोजणीवर शिकवते. ६ आठवड्यांच्या भेटीची तारीख कार्डावर पाच ठिकाणी दिसली पाहिजे. पेंटा १, ओपीव्ही १, रोटा १, एफआयपीव्ही १ आणि पीसीव्ही १. १० आठवड्यांच्या भेटीची तारीख तीनच ठिकाणी, पेंटा २, ओपीव्ही २ आणि रोटा २. १४ आठवड्यांची पुन्हा पाच ठिकाणी, पेंटा ३, ओपीव्ही ३, रोटा ३, एफआयपीव्ही २ आणि पीसीव्ही २.

आकडे नीट बघा. तिसऱ्या भेटीत पेंटाचा तिसरा डोस होतो, पण पीसीव्हीचा आणि एफआयपीव्हीचा दुसराच होतो. मधल्या भेटीत हे दोघे नसतात. म्हणून "पीसीव्ही ३ कुठाय?" असं वाटून घेऊ नका. त्याचा पुढचा डोस नऊ महिन्यांना बूस्टर म्हणून येतो आणि एफआयपीव्हीचा तिसराही तेव्हाच. एफआयपीव्हीचा हा तिसरा डोस जानेवारी २०२३ पासून सुरू झाला आहे. जुन्या छपाईच्या कार्डावर त्याची चौकट नसते, तिथे सिस्टर नऊ महिन्यांच्या टप्प्याजवळ पेनानं लिहिते. समासातली ती नोंद फालतू समजू नका.

भेटीतल्या सुया आठवूनही ताळा लागतो. पहिल्या आणि तिसऱ्या भेटीत तीन सुया आणि दोन तऱ्हेची तोंडातली औषधं असतात. डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत पीसीव्ही, उजव्या दंडावर एफआयपीव्ही. मधल्या भेटीत एकच सुई आणि तोंडातली तीच दोन. बाळाच्या कुठल्या मांडीला गाठ आली होती हे आईला चांगलं आठवतं आणि ते कार्डाशी जुळवून पाहता येतं.

एक कार्ड उलगडून बघू

आता एक कार्ड घेऊ. बाळाचा जन्म ९/८/२०२४, ग्रामीण रुग्णालयात. बीसीजी, शून्य पोलिओ आणि हिपॅटायटिस बी या तिन्ही चौकटींत ९/८/२४ लिहिलं आहे. सुरुवात चोख.

४२ दिवस २० सप्टेंबरला पूर्ण झाले. गावात लसीकरणाचं सत्र महिन्यातून एकदा, चौथ्या बुधवारी असायचं, म्हणून पहिली भेट २५/९/२४ ला झाली. ती तारीख पाच ठिकाणी आहे. पाच दिवस उशीर झाला, त्यानं काही बिघडत नाही. ६ आठवडे ही अलीकडची हद्द आहे. तिच्या आधी डोस देत नाहीत, नंतर चालतो.

पुढची तारीख कशी काढायची, तर इथे लक्ष द्या. ती जन्मतारखेवरून काढायची नाही. शेवटचा डोस ज्या दिवशी झाला त्या दिवसात २८ मिळवायचे. जन्मतारखेवरून १० आठवडे मोजले तर १८ ऑक्टोबर येतो, पण पहिला डोस २५ सप्टेंबरला झाला, म्हणून दुसरा २३ ऑक्टोबरच्या आधी देता येत नाही. दोन डोसांत किमान चार आठवडे जावे लागतात, त्याआधी दिलेला डोस नीट लागू पडत नाही. २३ ऑक्टोबर हा नेमका चौथा बुधवार होता आणि बाळ सत्राला आलं.

या भेटीची तारीख तीन ठिकाणी हवी. पेंटा २ मध्ये २३/१०/२४ आहे. ओपीव्ही २ मध्ये आहे. रोटा २ कोरी आहे.

कार्डावर असं कोरेपण सहज नजरेतून सुटतं. शेजारच्या दोन चौकटींत तीच तारीख असल्यानं डोळा भराभर पुढे जातो आणि मन म्हणतं, झाली ती भेट. त्या कुटुंबानंही तसंच धरलं होतं. नोव्हेंबरच्या मध्याला वडिलांना चाकणला काम लागलं, बिऱ्हाड हललं आणि २७ नोव्हेंबरचं गावातलं सत्र चुकलं. १२/१२/२४ ला, गुरुवारी, आई बाळाला घेऊन नव्या जागेजवळच्या सरकारी दवाखान्यात आली. बाळ तेव्हा १२५ दिवसांचं, म्हणजे १७ आठवडे ६ दिवसांचं होतं. आईची काळजी एकच. "उशीर झाला, आता पहिल्यापासून घ्यावे लागतील का?"

नाही. कुठलीही साखळी उशिरामुळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. पेंटाचे दोन झाले होते, तर पुढचा तिसरा, मग मधे ५० दिवस गेलेले असोत की पाच महिने. ही गोष्ट मी प्रत्येक आईला दोनदा सांगते, कारण "सगळं वाया गेलं" या भीतीनं पुढे न येणारी कुटुंबं मी पाहिली आहेत.

आता रोटा २ चं काय? कोरी चौकट दोन कारणांनी असते. डोस दिला पण लिहायचा राहिला, किंवा डोस दिलाच नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून अंदाजानं ठरवायचं नाही. आधी आईला विचारलं, त्या दिवशी बाळाला काय काय दिलं? ती म्हणाली, एक सुई मांडीत आणि तोंडात थेंब. थेंब एकदा की दोनदा? ती थांबली, मग म्हणाली, "एकदाच. मागच्या वेळी दोन वेगळे दिले होते." मग गावच्या आशाताईंना फोन झाला. कार्ड करताना त्याचा एक भाग फाडून केंद्रात ठेवतात, त्याला काउंटरफॉईल म्हणतात. पुढची भेट ज्या महिन्यात, त्या महिन्याच्या खिशात ते ठेवलेलं असतं. त्यावर आणि नोंदवहीत २३ ऑक्टोबरला रोटा नव्हतंच. त्या दिवशी सत्रावर लस कमी पडली होती.

म्हणून १२ डिसेंबरला पाच लशी दिल्या, पण तारीख कुठे लिहिली ते बघा. पेंटा ३, ओपीव्ही ३, एफआयपीव्ही २, पीसीव्ही २ आणि रोटा २. रोटाची तारीख तिसऱ्या चौकटीत गेली नाही. प्रत्येक लशीची ओळ आपापली चालते. एकीचा तिसरा होत असताना दुसरीचा दुसरा असू शकतो, त्यात गैर काही नाही, फक्त नोंद बरोबर चौकटीत पडली पाहिजे.

यामुळे पुढची भेटही बदलली. एरवी साडेतीन महिन्यांचे डोस झाले की आम्ही सांगतो, आता नऊ महिने पूर्ण झाल्यावर या. या बाळाला रोटा ३ बाकी होता. १२ डिसेंबर अधिक २८ म्हणजे ९ जानेवारी २०२५, तोही गुरुवार, त्या दवाखान्याच्या सत्राचाच दिवस. कार्डावर पुढच्या भेटीच्या जागी पेन्सिलीनं ९/१/२५ लिहिलं आणि आईला म्हटलं, त्या दिवशी सुई नाही, फक्त तोंडातलं औषध. कोरी चौकट दिसली नसती तर ही भेट ठरलीच नसती.

नोंद कुठेच सापडली नाही तर? तर सहसा तो डोस झालेला नाही असं धरून देतात. चुकून जादा डोस गेला तर त्यानं बाळाला अपाय होत नाही, पण राहून गेला तर बाळ उघडं राहतं. वयाची हद्द मात्र पाळावी लागते. पेंटा आणि रोटा यांचा पहिला डोस वर्षाच्या आतच सुरू व्हावा लागतो. एकदा सुरू झाले असतील तर उरलेले नंतर पूर्ण करता येतात.

नऊ महिने आणि त्यापुढे

याच बाळाचे नऊ महिने ९ मे २०२५ ला पूर्ण झाले. पुढचा सत्राचा गुरुवार १५ मे. त्या तारखेला एमआर १, म्हणजे गोवर-रुबेलाचा पहिला डोस, उजव्या दंडावर. पीसीव्ही बूस्टर मांडीत. एफआयपीव्ही ३ या वेळी डाव्या दंडावर. शिवाय जीवनसत्त्व अ चा पहिला डोस, तोंडावाटे १ मिलिलिटर.

या टप्प्यावर छापलेलं जेई हे नाव जपानी मेंदूज्वराचं आहे. ती लस ठराविक जिल्ह्यांतच देतात, विदर्भातल्या काही जिल्ह्यांत ती नेहमीच्या लसीकरणात आहे. तुमच्या जिल्ह्यात नसेल तर चौकट रिकामीच राहणार आणि त्यात कुणाची चूक नाही. पण अशा जिल्ह्यात नव्यानं राहायला गेलात तर कार्डावरची ती रिकामी चौकट आवर्जून दाखवा.

पुढचा टप्पा १६ ते २४ महिने असा लांबरुंद छापलेला असतो आणि लोक दुसऱ्या टोकाला जाऊन थांबतात. तो आकडा "सोळा पूर्ण होताच" असा वाचा. आपल्या बाळाचे १६ महिने ९ डिसेंबर २०२५ ला पूर्ण होतात, तर त्यानंतरच्या पहिल्या सत्राला जायचं. एमआर २, डीपीटीचा पहिला बूस्टर, ओपीव्ही बूस्टर आणि जीवनसत्त्व अ चा दुसरा डोस, आता २ मिलिलिटर. जिथे जेई आहे तिथे त्याचा दुसराही. नऊ महिन्यांनंतर सात महिने कुणी बोलावत नाही, बाळ चालायला लागलेलं असतं आणि कार्ड कपाटात खोल जातं. सगळ्यांत जास्त रिकाम्या चौकटी मला याच टप्प्यावर दिसतात. एमआरचा पहिला डोस झाला तरी काही मुलांना त्यातून संरक्षण मिळत नाही, ती दुसऱ्या डोसानं सावरतात, म्हणून हा टप्पा टाळू नये.

जीवनसत्त्व अ च्या चौकटी वेगळ्या ओळीत असतात, एकूण नऊ. पहिला डोस एमआर १ सोबत, मग दर सहा महिन्यांनी एक, पाच वर्षांपर्यंत. यातले बरेच अंगणवाडीत दिले जातात आणि त्या वेळी कार्ड घरी असतं, म्हणून ते कोरे दिसतात. पाजताना कार्ड सोबत न्या.

खासगी दवाखान्याचं कार्ड असेल तर

बालरोगतज्ज्ञांकडच्या फाईलमध्ये नावं जास्त असतात आणि तिथे बऱ्याचदा लशीच्या कंपनीचं नाव लिहिलेलं किंवा कुपीचा स्टिकर चिकटवलेला असतो. सहा आजारांची एकत्र लस, म्हणजे हेक्साव्हॅलेंट, दिली असेल तर तिच्यात पेंटाचे पाचही आजार आणि इंजेक्शनचा पोलिओ येतो. एमएमआर लिहिलं असेल तर ती गोवर आणि रुबेलासोबत गालगुंडाचीही लस आहे. टायफॉइड, कांजिण्या, हिपॅटायटिस ए ही नावं सरकारी कार्डावर नसतात.

काही डोस खासगीत आणि काही सरकारीत असं होत असेल तर मी एकच आग्रह धरते. डॉक्टरांना सांगा की दिलेल्या लशीचा प्रकार शुद्ध अक्षरांत लिहा, नुसतं कंपनीचं नाव नको. कंपनीच्या नावावरून कुठली चौकट भरायची ते दुसऱ्या दवाखान्यातल्या सिस्टरला कळेलच असं नाही. आणि दोन कागद एकत्र ठेवा, एकमेकांना पिन लावून.

परदेशी जाणाऱ्यांसाठी एक सूचना. अमेरिकेत तारीख महिना, दिवस, वर्ष अशी वाचतात. आपल्या बाळाची ९/८/२०२४ तिथे ८ सप्टेंबर होते. जाण्याआधी डॉक्टरांकडून महिना अक्षरांत लिहिलेली यादी करून घ्या.

भेट संपताना, उठण्याआधी

लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसायला सांगतात, बाळाला काही त्रास होतोय का ते बघण्यासाठी. तेवढा वेळ कार्ड वाचायला पुरेसा आहे. आजची तारीख किती ठिकाणी पडली ते मोजा. आज जेवढ्या सुया आणि तोंडातली औषधं झाली, तेवढ्या चौकटी भरलेल्या हव्यात. एखादी लस आज मिळाली नसेल तर "कधी या?" हे विचारून ती तारीख त्या चौकटीजवळ पेन्सिलीनं लिहून घ्या. पेननं नको. पेनानं लिहिलेली पुढची तारीख नंतर दिलेल्या डोसासारखी वाचली जाते आणि पुढची सिस्टर तो झाला असं समजते. हा घोटाळा मी एकदा स्वतः करता करता थांबले होते, केवळ आई म्हणाली म्हणून की "ही तारीख तर अजून यायचीय".

लिहिलेली पुढची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि कार्डाच्या त्या पानाचा फोटो काढून ठेवा. पावसात भिजलेली, उंदरानं कुरतडलेली कार्डं मी पाहिली आहेत, फोटोवरून ती पुन्हा लिहून दिली आहेत. यू-विन या सरकारी ऑनलाइन लसीकरण यंत्रणेवर नोंद झाली असेल तर तीही कामी येते, पण नोंदणीच्या वेळी कुणाचा मोबाईल नंबर दिला होता ते लक्षात असू द्या. पुष्कळदा तो मामाचा निघतो.

पाच वर्षं पूर्ण झाली की डीपीटीचा दुसरा बूस्टर, याच कार्डावर. त्यानंतर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस, जी बहुधा शाळेत देतात. शाळेतून आल्यावर मुलाला विचारा आज टोचलं का, आणि ती तारीख जुन्या कार्डावर लिहून घ्या.